जिन्याखाली बॅटरी बँक ठेवावी का? हवा, अंतर आणि आगीपासूनची सुरक्षितता

प्रश्न: आमच्या घरात जिन्याखाली बंद कपाट आहे. त्यात 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या ठेवायच्या आहेत. झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. कपाटाच्या दाराला जाळी लावली तर पुरेल का? मागच्या बाजूला सामानाची छोटी खोली आहे, तिची एक भिंत बाहेरची आहे. पण तिथून इन्व्हर्टरपर्यंत वायर लांब जाईल. पुढे लिथियम बँक घेतली तर जिन्याखालची जागा चालेल का?

उत्तर: जिन्याखालची जागा दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी सोडून द्यावी आणि सामानाची खोली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दोन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. ती समजून न घेता नुसती जागा बदलली, तर सामानाच्या खोलीतही त्याच चुका होऊ शकतात, म्हणून ती सविस्तर मांडतो.

ट्यूब्युलर बॅटरी ही शिसे-आम्ल बॅटरी आहे, आणि चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडणे हे तिच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. प्रत्येक सेलवरचा दाब साधारण 2.35 ते 2.4 व्होल्टच्या वर गेला की हे विघटन जोर धरते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्क्यांवर पोहोचले की ते मिश्रण पेट घेऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक असते की रिलेचे उघडणे किंवा दिव्याचे बटण दाबणेही पुरते. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हवेच्या सुमारे चौदापट हलका असल्यामुळे सरळ वर जातो आणि जिथे छताला अडेल तिथे साठतो.

तुमच्या बँकेतून किती वायू निघेल, याचा अंदाज बांधता येतो. चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 48 व्होल्टची बँक केली, तर एकूण 24 सेल होतात. एका सेलमधून एक अँपिअर-तास जादा वीज गेली की सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन तयार होतो. निरोगी बॅटरीत जोराच्या चार्जिंगच्या शेवटी वायू बनवणारा प्रवाह दर अँपिअर-तास क्षमतेमागे सुमारे 4 मिलिअँपिअर धरतात, म्हणजे तुमच्या बँकेसाठी 0.6 अँपिअर, त्यातून तासाला सुमारे 6 लिटर हायड्रोजन निघतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 62485-2 मध्ये हाच आकडा पाचपट करून 20 मिलिअँपिअर धरला आहे, कारण बॅटरी जुनी होते, उन्हाळ्यात तापते आणि चार्जर नेहमी नेमका वागत नाही. त्या हिशेबाने तासाला 30 लिटर होतात. जिन्याखालचे कपाट 1.8 घनमीटरचे धरले, तर त्यात 4 टक्के म्हणजे 72 लिटर हायड्रोजन. पूर्ण बंद कपाटात वाईट परिस्थितीत ही पातळी अडीच तासांच्या आत येऊ शकते, आणि तीही वायू सगळीकडे सारखा पसरला असे मानले तर. प्रत्यक्षात तो वरच्या कोपऱ्यात गोळा होतो, त्यामुळे तिथली पातळी त्याहूनही लवकर येते.

या मानकातील हवेचे सूत्र असे आहे:

```
Q = 0.05 × n × I × C × 0.001
A = 28 × Q
```

येथे Q म्हणजे तासाला लागणारी ताजी हवा घनमीटरमध्ये, n म्हणजे सेलची संख्या, I म्हणजे वर सांगितलेले 20 मिलिअँपिअर, C म्हणजे 150 अँपिअर-तास, आणि A म्हणजे प्रत्येक झरोक्याचे मोकळे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. तुमच्यासाठी Q होतो 3.6 घनमीटर आणि A होतो सुमारे 100 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन हवा आत येण्यासाठी आणि तेवढाच दुसरा बाहेर जाण्यासाठी. आकडा पाहून लक्षात येईल की लागणारी हवा मुळीच फार नाही. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी सामानाची खोली धरली, तर तिच्यातील निम्मी हवासुद्धा तासाभरात बदलावी लागत नाही. खरा प्रश्न ती हवा कुठून येते, कुठे जाते आणि छताच्या सर्वांत उंच बिंदूला ती पोहोचते का, हा आहे.

दाराला जाळी लावण्याचा उपाय नेमका इथे कमी पडतो. जाळी बहुधा दाराच्या मधल्या भागात बसते, आणि तिच्या वर दाराची आडवी पट्टी, चौकट आणि जिन्याच्या पायऱ्यांचा उतरता तळ मिळून एक उलटा खिसा तयार होतो. त्या खिशातला हायड्रोजन जाळीतून खाली उतरून बाहेर येत नाही. समजा जाळी अगदी वरपर्यंत नेली, तरी वायू बाहेर न जाता घरातल्याच दालनात येतो आणि जिन्याच्या मोकळ्या जागेतून वरच्या मजल्याकडे चढतो. मोठ्या दालनात तो विरळ होतो हे खरे, पण आम्लाचे सूक्ष्म तुषारही त्याच्याबरोबर येतात, आणि वर तुमच्या झोपण्याच्या खोल्या आहेत. मानकाला अपेक्षित असलेली हवा ही घराबाहेरून येणारी आणि घराबाहेर जाणारी आहे.

आता सामानाच्या खोलीकडे वळतो. बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून वीतभर उंचीवर एक झरोका करावा आणि दुसरा छताला लागून करावा; छताला तुळई असेल तर ज्या दोन तुळयांच्या मध्ये बॅटऱ्या येतात त्याच भागात वरचा झरोका यायला हवा, नाहीतर तुळईच्या अलीकडे वायू अडतो. दोन्ही झरोके समोरासमोरच्या भिंतींत आले तर उत्तम. बाहेरची भिंत एकच असल्यामुळे ते शक्य नाही, म्हणून दोघांमध्ये किमान दोन मीटर अंतर राहील असे ते तिरपे, एक खालच्या डाव्या आणि एक वरच्या उजव्या कोपऱ्यात, काढावेत. कीटक आणि पाऊस अडवणारी जाळी व झडपा बसवल्या की मोकळे क्षेत्रफळ बरेच घटते, त्यामुळे भिंतीतले भोक हिशेबाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे 200 चौरस सेंटिमीटर ठेवावे. वरच्या झरोक्याच्या बाहेर वरच्या मजल्याची खिडकी येत नाही ना, हेही पाहावे. दाराखालची फट मात्र बंद करावी. ताजी हवा बाहेरून यायला हवी, आणि घराच्या बाजूने जितकी कमी वाट असेल तितके चांगले.

पंखा लावावा का, असे पुढे विचारले जाते. एवढ्या छोट्या बँकेला नैसर्गिक वायुवीजन पुरते आणि मी तेच पसंत करतो, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसते. पंखा लावलाच, तर तो खालच्या झरोक्यातून ताजी हवा आत ढकलणारा असावा, म्हणजे हायड्रोजन मोटरवरून जात नाही. आणि पंखा बंद पडला तर चार्जिंगही थांबेल अशी जोडणी असावी. बंद पडलेला पंखा कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

खोलीच्या आत बॅटऱ्या बाहेरच्या भिंतीलगत, आम्ल न झिरपणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेवर ठेवाव्यात. एकेका ट्यूब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, म्हणून लाकडी फळीवर किंवा भिंतीतल्या कप्प्यात त्या ठेवू नयेत. दोन बॅटऱ्यांमध्ये बोटभर तरी फट असावी, म्हणजे मधल्या बॅटऱ्या कडेच्यांपेक्षा जास्त तापत नाहीत. झाकणाच्या वर किमान 45 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. डिस्टिल्ड वॉटर घालताना बूच काढून आत पाहता आले नाही, तर पाणी घालायचे राहून जाते, आणि पाणी कमी झालेली बॅटरी अधिक तापते. बुचांपासून अर्ध्या मीटरच्या आत ठिणगी पडू शकेल अशी कोणतीही वस्तू नको. दिव्याचे बटण, सॉकेट, रिले आणि अर्थातच इन्व्हर्टर या साऱ्यांना हे लागू होते. बॅटऱ्यांच्या थेट वर इन्व्हर्टर टांगण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती दोन कारणांनी चुकीची आहे: हायड्रोजन सरळ त्याच्यात शिरतो, आणि आम्लाचे तुषार त्याच्या आतल्या पट्टीवरचे जोड हळूहळू खातात.

वायरच्या लांबीची तुमची शंका रास्त आहे, पण त्यावरचा उपाय बॅटरी इन्व्हर्टरजवळ आणणे हा नसून इन्व्हर्टर बॅटरीजवळ नेणे हा आहे. 3 किलोवॅट भार असेल तर 48 व्होल्टच्या बाजूला साठ-पासष्ट अँपिअर प्रवाह वाहतो, तर 230 व्होल्टच्या बाजूला फक्त तेरा. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यातील जाड केबल दोन-तीन मीटरची ठेवावी आणि लांब अंतर 230 व्होल्टच्या साध्या केबलला कापू द्यावे. इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीवर, बॅटऱ्यांपासून मीटरभर दूर आणि त्यांच्या वरच्या रेषेत येणार नाही असा बसवावा. बँकेच्या धन टोकाजवळ, केबलच्या अगदी सुरुवातीला, डीसीसाठीचा बंद फ्यूज हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची केबल कोणीच वाचवत नाही. बँक तोडणारा स्विच मात्र खोलीच्या दाराबाहेर असावा. आत वायू साठल्याचा संशय असताना आत जाऊन स्विच फिरवावा लागणे, ही रचना मुळातच धोक्याची आहे.

हायड्रोजनइतकाच, किंबहुना त्याहून नित्याचा धोका म्हणजे सैल जोड. टर्मिनलवरचा बोल्ट थोडा ढिला झाला की तिथला रोध वाढतो, साठ अँपिअरला तो जोड तापतो, तापल्याने आणखी ढिला होतो, आणि शेवटी आजूबाजूचे प्लास्टिक वितळते. बाहेरून हे ओळखण्याची सोपी रीत आहे: बँकेवर अर्धा तास चांगला भार ठेवून लांबून मोजणाऱ्या तापमापकाने प्रत्येक जोड तपासावा. सारे जोड जवळपास सारखे असावेत. एखादा इतरांपेक्षा दहा अंशांनी अधिक असेल तर भार आणि चार्जिंग बंद करून तो उघडावा, घासून स्वच्छ करावा आणि कंपनीने दिलेल्या ताणाने पुन्हा आवळावा. त्या वेळी पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशनची टेप गुंडाळलेली असावी आणि हातात अंगठी किंवा कडे नसावे.

बँक जास्त वायू सोडू लागली आहे हे सांगणारी सर्वांत भरवशाची खूण पाण्याच्या नोंदीत असते. एका लिटर पाण्याच्या विघटनातून सुमारे 1,200 लिटर हायड्रोजन बनतो. 24 सेलना तीन महिन्यांत प्रत्येकी 100 मिलिलिटर पाणी लागले, तर ते 2.4 लिटर झाले, म्हणजे तीन महिन्यांत सुमारे 3,000 लिटर आणि दिवसाला तीस-पस्तीस लिटर वायू. थोडे पाणी वाफ होऊन गेले हे सोडून देऊ. पुढच्या तिमाहीत हाच आकडा दुप्पट झाला तर चार्जरचा दाब तपासावा. सगळ्या बॅटऱ्या सारख्याच जास्त पाणी पीत असतील तर दोष बहुधा चार्जरच्या सेटिंगमध्ये किंवा तापमानात असतो. तीन बॅटऱ्या जास्त पितात आणि चौथीतला एखादा सेल तुलनेने गप्प आहे, असे दिसले तर तो सेल आतून शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी.

हा बिघाड घरात सर्वांत घातक ठरतो, म्हणून त्याचा हिशेब सांगतो. चार्जर 48 व्होल्टच्या बँकेला 57.6 व्होल्ट देतो, म्हणजे 24 सेलना प्रत्येकी 2.4. एक सेल शॉर्ट झाला की तोच दाब 23 सेलमध्ये वाटला जातो आणि प्रत्येकी 2.5 व्होल्ट होतात. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण वायू बनण्याच्या उंबरठ्याच्या वर असल्यामुळे निरोगी सेलमधूनही वायूचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, बँक तापते, आणि तापल्यामुळे अधिक प्रवाह ओढते. त्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो विषारी आहे. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेल तर तोही वाजू शकतो, कारण त्या अलार्ममधील बहुतेक सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतात. घरात चूल किंवा गिझर पेटलेला नसताना तो वाजला म्हणून खोटा ठरवून बंद करू नये. अशा वेळी बाहेरच्या स्विचने चार्जिंग तोडावे, खोलीत दिवा न लावता बाहेरून खिडकी किंवा झरोका मोकळा आहे ना ते पाहावे, आणि बँक थंड होईपर्यंत आत जाऊ नये.

"सीलबंद" म्हणून विकल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांबद्दल एकच सांगतो: त्यांनाही झडप असते आणि जादा चार्ज झाल्या की त्याही वायू सोडतात. त्याच मानकात त्यांच्यासाठी 20 ऐवजी 8 मिलिअँपिअर धरतात, म्हणून झरोका लहान चालतो, पण तो लागतोच.

आता लिथियमविषयी. घरगुती बँकेसाठी आज बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल वापरतात. ही बँक नेहमीच्या कामात कोणताही वायू सोडत नाही, त्यामुळे वरचे झरोक्यांचे सूत्र तिला लागू होत नाही, आणि यावरूनच "लिथियमला हवा लागत नाही, म्हणून ती कपाटात चालते" असा निष्कर्ष काढला जातो. तो धोकादायक आहे. एखादा सेल आतून बिघडून स्वतःच तापत गेला, तर तो काही मिनिटांत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, द्रावकाची वाफ आणि हायड्रोजन फ्लोराइड यांचा मोठा लोट सोडतो. आयर्न फॉस्फेट सेल हा निकेल-कोबाल्ट असलेल्या सेलपेक्षा अधिक तापमान सहन करतो आणि त्याला ज्वाला लागण्याची शक्यता कमी असते. पण ज्वाला लागली नाही म्हणजे तो ज्वालाग्राही वायू न जळता खोलीत साठतो आणि नंतर एकदम पेट घेऊ शकतो. एवढा लोट वाहून नेईल असा झरोका घरात करता येत नाही. म्हणून शिसे-आम्ल बँकेत आपण हवेचा विचार आधी करतो, आणि लिथियममध्ये जागेचा व भिंतींचा.

या मुद्द्यावर वेगवेगळ्या देशांची मानके उल्लेखनीय रीतीने एकमत आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे एएस/एनझेडएस 5139 हे 2019 चे मानक जिन्याखालची जागा, छतावरची पोकळी आणि बाहेर पडण्याची वाट स्पष्टपणे वगळते. ब्रिटनचे 2024 चे पीएएस 63100 झोपण्याच्या खोल्या आणि माळे वगळते. अमेरिकेचे एनएफपीए 855 घरातल्या बँकेसाठी गॅरेज, बाहेरची भिंत किंवा सामानाची वेगळी खोली अशा मोजक्या जागा ठेवते, आणि बाहेरच्या भिंतीवर दारे-खिडक्यांपासून तीन फूट अंतर मागते. जिन्याखालची जागा वगळण्यामागचे कारण तुमच्याच घराला लागू होते: सगळे वर झोपलेले असताना बँक पेटली, तर खाली येण्याचा एकमेव मार्ग धुराने आणि ज्वालेने बंद होतो. माझ्या मते शिसे-आम्ल बँकेलाही हेच कारण पुरेसे आहे, कारण तिचे खोकेही प्लास्टिकचे असते आणि ते जळते.

लिथियम बँक त्याच सामानाच्या खोलीत, बाहेरच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर बसवावी. ज्या भिंतीपलीकडे राहती खोली आहे, ती भिंत टाळावी. टाळता येत नसेल आणि ती लाकडी किंवा पोकळ असेल, तर बँकेच्या मागे सिमेंट बोर्डासारखा न जळणारा पडदा लावावा, जो दोन्ही बाजूंना 600 मिलिमीटर आणि वर 900 मिलिमीटर पुढे येईल. हे आकडे ऑस्ट्रेलियाच्या मानकातले आहेत आणि मी ते सगळीकडे वापरतो. खोलीच्या दारापासून आणि खिडकीपासून 600 मिलिमीटर हे किमान समजावे, जमेल तिथे मीटरभर ठेवावे. थंडीत खोली शून्याखाली जात असेल तर चार्जिंग थांबवणारी व्यवस्था बँकेत आहे ना, ते माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण शून्याखाली चार्ज केल्याने सेलच्या आत लिथियमचा थर जमतो आणि पुढे तोच शॉर्टला कारण होतो.

खोलीतले सामान हा त्रासाचा भाग आहे. रंगाचे डबे, कागद, जुने कपडे, गॅसची टाकी यांपैकी काहीही बँकेच्या खोलीत राहू नये, आणि "एका कोपऱ्यात राहू द्या" ही तडजोडही मी करू देत नाही. ती रिकामी जागा बँकेसाठीच आहे असे घरातल्या सर्वांना ठरवूनच सांगावे लागते. खोलीचे दार भरीव लाकडाचे, आपोआप बंद होणारे आणि चौकटीला धूर अडवणारी पट्टी लावलेले असावे. खोलीत एक आणि वरच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत एक असे धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे खाली वाजला की वरचाही वाजेल.

लिथियम बँकेतून पांढरट वाफ, फटफट असा आवाज किंवा द्रावकासारखा गोडसर वास आला, तर दार उघडून पाहू नये. दार बंद ठेवून सगळ्यांनी बाहेर पडावे, शक्य असल्यास बाहेरून मुख्य स्विच तोडावा, आणि अग्निशमन दलाला बँक लिथियमची आहे, ती घराच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिची क्षमता किती आहे, एवढे पहिल्या वाक्यातच सांगावे. छोटा अग्निशामक सेलच्या आत चाललेली अभिक्रिया थांबवू शकत नाही; तिला भरपूर पाण्याने थंडच करावे लागते, आणि विझलेली बँक काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. त्यामुळे ती दलाच्या सांगण्यावरूनच, घरापासून दूर उघड्यावर हलवू द्यावी. बँकेचा प्रकार, क्षमता आणि तोडण्याच्या स्विचची जागा लिहिलेली पट्टी खोलीच्या दारावर बाहेरून आणि घराच्या मुख्य वीजपेटीवर लावून ठेवावी.